संमतिवयाचा वाद : बहुतांचं मत आणि खरं-खोटं

गेल्या काही व्याख्यानांत आपण युक्तिवादातले दोष पाहिले. त्यातले दोन अगदी रोजच्या बोलण्यातले आहेत. ‘सगळे असंच मानतात’ हा एक, आणि ‘आपल्याकडे पूर्वापार असंच चालत आलंय’ हा दुसरा. आज ते व्याख्येतून न शिकता एका वादातून शिकू. वाद आहे १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्याचा.

आधी घटना नीट समजून घेऊ. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे पत्नीचं वय दहाच्या आत असेल तरच तिच्याशी केलेला संभोग बलात्कार ठरत असे. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची मुलगी पतीच्या संभोगानंतर रक्तस्रावाने मरण पावली. पती हरिमोहन मैती पस्तीसएक वर्षांचा होता. मुलीची दहा वर्षं पूर्ण झाली होती, त्यामुळे बलात्काराचा आरोप टिकलाच नाही. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केली एवढ्यावर त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यानंतर जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी बिल मांडलं. त्यात दहाच्या जागी बारा हा आकडा घातला, बाकी फारसं काही नाही. आणि तेवढ्यावर देश ढवळून निघाला.

कलकत्त्याच्या मैदानावर प्रचंड सभा झाली, पुण्यात सभा झाल्या, विरोधाचे अर्ज गेले. विरोधकांच्या बोलण्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येत. हिंदू समाजातल्या बहुसंख्य लोकांना हे नको आहे, ही एक. आणि गर्भाधान हा संस्कार आहे, प्रथम ऋतुदर्शन झालं की तो ठरलेल्या दिवसांत व्हायला हवा, मुलगी बाराच्या आत ऋतुमती झाली तर हा कायदा धर्माच्या आड येतो, ही दुसरी.

आता आपण तर्काच्या बाजूने बघू. वाद नेमका कशाचा होता? आमच्या मते इथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला संभोगाने इजा होते का, हा पहिला. ती होत असेल तर ही चाल वाईट आहे का, हा दुसरा. आणि वाईट असेल तर परक्या सरकारने कायदा करून ती थांबवावी का, हा तिसरा. पहिला वस्तुस्थितीचा, दुसरा नीतीचा आणि तिसरा राजकारणाचा.

लोकांची संख्या यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते? तिसऱ्याचं थोडंफार देते. ज्यांच्यावर कायदा लादायचा त्यांना काय वाटतं, हे विचारणं गैर नाही. टिळकांचा मुख्य आक्षेप इथलाच होता, हे आपण प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. १८९० मध्ये त्यांनीच सूचना केली होती की मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, आणि सुधारकांनी आधी स्वतः हे बंधन पाळावं. म्हणजे चाल चांगली आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तुम्हाला-आम्हाला त्यांचं उत्तर पटो न पटो, ते तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पण मैदानावरची गर्दी पहिल्या प्रश्नाबद्दल काय सांगते? काहीच नाही. कारण बघा, अनेकांचं मत पुरावा म्हणून केव्हा चालतं? प्रत्येकाने ती गोष्ट स्वतः, स्वतंत्रपणे पाहिलेली असेल तेव्हा. पाऊस कधी येतो याबद्दल शंभर शेतकऱ्यांचं मत मोलाचं असतं, कारण शंभर जणांनी आपापल्या शेतावर तो पाहिलेला असतो. एकाचं ऐकून नव्व्याण्णवांनी मान डोलावली असेल, तर ते मत एकाचंच.

याच सुमारास दुसरा एक अर्ज व्हाइसरॉयकडे गेला होता. डॉ. मॅन्सेल यांनी तो लिहिला होता आणि त्यावर ५५ स्त्री-डॉक्टरांच्या सह्या होत्या. दवाखान्यात आलेल्या कोवळ्या पत्नींच्या इजांची आणि मृत्यूंची प्रकरणं त्यांनी मांडली आणि वय चौदा करा असं सांगितलं. हजारोंपुढे ५५! पण त्यांचं वजन ५५ या आकड्यात नव्हतंच. त्या मुलींना तपासून त्या सांगत होत्या, यात होतं. उद्या त्या पाच हजार असत्या आणि एकीनेही रुग्ण पाहिला नसता, तर आम्ही त्यांचंही मत बाजूला ठेवलं असतं.

आता परंपरेकडे येऊ. इथे एक गंमत आहे. परंपरेचा आधार फक्त विरोधकांनी घेतला असं नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी गृह्यसूत्रं काढून दाखवलं की विवाहानंतर चौथ्या रात्रीचा विधी सांगितलेला आहे, म्हणजे त्या काळी वधू प्रौढ असली पाहिजे. टिळकांनी त्यांच्या अर्थाला हरकत घेतली. विद्वत्तेच्या दृष्टीने हा वाद उत्तम आहे. पण समजा, भांडारकरांचा अर्थ चुकीचा निघाला असता. मग फुलमणीला झालेली इजा कमी भरली असती का?

हा प्रश्न आगरकरांच्या वाटेवरचा आहे. चालीची परीक्षा शास्त्रवचनाने नव्हे, तर बुद्धीने करा, हा त्यांचा ‘सुधारका’तला आग्रह होता. भांडारकरांच्या पद्धतीचा उपयोग होता, नाही असं नाही. धर्म बुडेल या भीतीला तिने उत्तर दिलं. मात्र ‘धर्मात ते सांगितलेलं नाही’ यावरून ‘ते वाईट आहे’ हे निघत नाही, जसं ‘सांगितलेलं आहे’ यावरून ‘ते चांगलं आहे’ निघत नाही.

तुम्ही म्हणाल, शतकानुशतकं टिकलेल्या चालीत काहीतरी तथ्य असणारच. कधी असतंही. पेरणीची चाल चुकली तर पीक जातं, आणि ज्याचं पीक गेलं तोच पुढच्या वर्षी चाल बदलतो. इथे चूक ज्याची आणि सोसणं ज्याचं, तो माणूस एकच आहे. बालवधूच्या बाबतीत तसं नव्हतं. चाल ठरवणारे पुरुष, सोसणारी दहा वर्षांची मुलगी. ती मेली तर नशिबाला दोष, आणि जगली तर बोलायची सोय नाही. अशी चाल हजार वर्षं टिकली तरी ती तपासली गेली असं होत नाही. म्हणून परंपरेचा दाखला कुणी दिला की आपण एवढंच विचारावं : हिचा तोटा कोण सोसत होतं, आणि त्याचं म्हणणं ऐकलं जात होतं का?

१९ मार्च १८९१ ला बिल मंजूर झालं. पण त्यावर फार थोडे खटले उभे राहिले. घरातल्या गोष्टीची फिर्याद कोण करणार? पुढे १९२९ मध्ये सारडा कायद्याने लग्नासाठी मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं. तो लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३० ला. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी घाईघाईने लहान मुलांची लग्नं उरकली, इतकी की १९३१ च्या जनगणनेत त्याची नोंद घ्यावी लागली.

म्हणजे बहुतांच्या मताला महत्त्व नाही असं नाही. कायदा कुठे अडेल, किती काळ अडेल, हे त्यावरून कळतं. पण त्या सहा महिन्यांत ज्या मुलींची लग्नं लागली, त्यांची शरीरं गर्दीच्या मताने प्रौढ झाली नव्हती.