हायलम दिसला म्हणून निर्धास्त?

मानेच्या सोनोग्राफीत लसिकाग्रंथी लांबट दिसली आणि तिच्या मध्ये हायलमची पांढरी, चरबीयुक्त रेघ शाबूत असली, की रिपोर्टमध्ये 'रिॲक्टिव्ह' लिहून मोकळे होण्याचा प्रघात आहे. या मताला आधार नाही असे नाही. सर्दी, घसा किंवा किडक्या दातामुळे सुजलेली ग्रंथी सहसा सगळीकडून सारखी फुगते. तिचा घेवड्याच्या बीसारखा आकार आणि मधली रेघ टिकून राहते. आक्षेप आहे तो याच निरीक्षणाचा उलटा निष्कर्ष काढण्याला.

कर्करोगाच्या पेशी ग्रंथीत शिरतात कुठून, हे पाहिले की चूक कळते. त्या लसिकावाहिन्यांतून येऊन आधी कवचाखालच्या पोकळीत, म्हणजे कॉर्टेक्सच्या कडेला अडकतात. हायलमपर्यंत पोहोचायला त्यांना वेळ लागतो. म्हणून हायलम नाहीसा होणे ही बहुधा उशिराची खूण आहे. सुरुवातीची खूण असते कॉर्टेक्सची एकाच बाजूला वाढलेली जाडी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या उजव्या गालात आत न भरणारी जखम आहे. जबड्याखालची ग्रंथी 9 बाय 7 मिलिमीटर, जवळपास गोल. वरच्या मानेतली दुसरी 22 बाय 8 मिलिमीटर, लांबट, हायलमसह. आखूड आणि लांब व्यासाचे गुणोत्तर अर्ध्याहून जास्त म्हणजे संशय, हा नियम लावला तर पहिली दोषी आणि दुसरी निर्दोष ठरते. पण जबड्याखालच्या ग्रंथी निरोगी माणसातही गोलसर असतात आणि हिचा कॉर्टेक्स सगळीकडे पातळ आहे. दुसरीचा कॉर्टेक्स एका टोकाला दीड मिलिमीटर, तर दुसऱ्या टोकाला पाच. तिथे तो बाहेर फुगलाय, आणि डॉप्लरवर रक्तवाहिनी हायलममधून न येता कडेने शिरताना दिसते. सुई घालायची ती या जाड टोकात. मधोमध घातली तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

कॉर्टेक्सच्या जाडीचा तीन मिलिमीटरचा आकडाही जपून वापरावा. तो मुख्यतः स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथींसाठी रुळला आहे. मानेत एका आकड्यापेक्षा दोन टोकांमधला फरक जास्त बोलका. उलट, गोल आणि हायलम हरवलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. आपल्याकडे क्षयाच्या गाठी हुबेहूब तशाच दिसतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या असतील आणि भोवतालची चरबी सुजलेली असेल, तर क्षयाकडे कल झुकतो, पण खात्री सुईनेच होते.

सूक्ष्म प्रसार तर सोनोग्राफीला दिसतच नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगावरची चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. मानेत गाठ आढळली नसतानाही ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या, त्यांच्यातले 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांमध्ये हेच प्रमाण 67.5 टक्के होते.