वस्तू व सेवा कर विवरणपत्रावरील विलंब शुल्क आणि व्याज

विलंब शुल्क आणि व्याज या भारतातील वस्तू व सेवा कर (जीएसटी) कायद्याखाली विवरणपत्र मुदतीनंतर दाखल केल्यास भराव्या लागणाऱ्या दोन वेगवेगळ्या रकमा आहेत. विलंब शुल्क हे विवरणपत्र उशिरा दाखल केल्याबद्दल लागते. कर भरावयाचा नसला तरी ते द्यावे लागते. व्याज हे सरकारकडे उशिरा पोहोचलेल्या करावर लागते. कर देय नसेल तर व्याजही नसते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम ४७ मध्ये विलंब शुल्काची आणि कलम ५० मध्ये व्याजाची तरतूद आहे. राज्यांच्या अधिनियमांत, उदाहरणार्थ महाराष्ट्र वस्तू व सेवा कर अधिनियमात, समांतर तरतुदी असल्याने राज्यांतर्गत व्यवहारांत दोन्ही रकमा केंद्रीय आणि राज्य अशा दोन शीर्षांखाली आकारल्या जातात. प्रस्तुत लेखात मासिक जीएसटीआर-३बी विवरणपत्राचा विचार केला आहे. त्याची नियत तारीख सामान्यतः पुढील महिन्याची २० तारीख असते.

## विलंब शुल्क

कलम ४७ मध्ये प्रत्येक अधिनियमाखाली दररोज १०० रुपये आणि कमाल ५,००० रुपये असा दर आहे. अधिसूचनांद्वारे तो कमी करण्यात आला आहे. जीएसटीआर-३बीसाठी केंद्रीय करात २५ आणि राज्य करात २५, असे दररोज एकूण ५० रुपये लागतात. ज्या महिन्यात काहीही कर देय नाही अशा शून्य विवरणपत्रासाठी हा दर प्रत्येकी १०, म्हणजे एकूण २० रुपये आहे.

जून २०२१ आणि त्यानंतरच्या करकालावधींसाठी एका विवरणपत्रावरील कमाल शुल्क मागील आर्थिक वर्षाच्या उलाढालीवर अवलंबून असते. दोन्ही शीर्षे मिळून ही मर्यादा पुढीलप्रमाणे आहे :

- शून्य विवरणपत्र : ५०० रुपये
- उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत : २,००० रुपये
- दीड कोटींहून अधिक, पाच कोटींपर्यंत : ५,००० रुपये
- पाच कोटींहून अधिक : १०,००० रुपये

दिवसांची मोजणी नियत तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते आणि दाखल केल्याचा दिवस तीत धरला जातो. एकात्मिक कराच्या (आंतरराज्य व्यवहारांवरील कराच्या) शीर्षाखाली विलंब शुल्क नसते. हे शुल्क रोखीनेच भरावे लागते. इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची जमा, त्यासाठी वापरता येत नाही. एका महिन्याच्या विलंबाचे शुल्क पोर्टलवर पुढील महिन्याच्या विवरणपत्रात दिसते. त्यामुळे वेळेवर भरलेल्या विवरणपत्रातही मागील महिन्याचे शुल्क आढळू शकते.

## व्याज

व्याजाचा दर वार्षिक १८ टक्के आहे. त्याची मोजणीही नियत तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून होते, परंतु विलंब शुल्काप्रमाणे त्याला कमाल मर्यादा नाही. व्याज प्रत्येक शीर्षासाठी स्वतंत्रपणे काढले जाते आणि एकात्मिक करालाही ते लागू होते.

व्याज = रोखीने भरलेला कर × (१८ ÷ १००) × (विलंबाचे दिवस ÷ ३६५)

या सूत्रातील पहिली संख्या कोणती, हा कायद्याच्या सुरुवातीच्या काळात वादाचा विषय होता. विक्रीवरील संपूर्ण करावर व्याज लावावे की क्रेडिट वजा करून उरलेल्या करावर, असा प्रश्न होता. कलम ५० च्या परंतुकात २०२१ च्या वित्त अधिनियमाने १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने केलेल्या बदलानुसार, उशिरा दाखल केलेल्या विवरणपत्रात इलेक्ट्रॉनिक रोख खातेवहीतून भरलेल्या भागावरच व्याज लागते. जुलै २०२२ मध्ये समाविष्ट झालेल्या नियम ८८ब मध्ये गणनेची पद्धत दिली आहे.

या सवलतीला दोन महत्त्वाच्या मर्यादा आहेत. कर निर्धारणाची कार्यवाही सुरू झाल्यानंतर त्या कालावधीचे विवरणपत्र दाखल केल्यास ती मिळत नाही. तसेच, ज्या महिन्यात विक्री झाली त्याच महिन्याच्या विवरणपत्रात ती दाखवलेली असली पाहिजे. एखादे बीजक नजरचुकीने सुटले आणि त्यावरील कर नंतरच्या महिन्याच्या विवरणपत्रात भरला, तर मुदतीत भरायच्या राहिलेल्या त्या संपूर्ण करावर व्याज लागते. मूळ विवरणपत्र वेळेवर असल्यास अशा वेळी विलंब शुल्क मात्र लागत नाही.

## गणनेचे उदाहरण

कोल्हापुरातील एका व्यापाऱ्याची मागील वर्षाची उलाढाल ९० लाख रुपये आहे, असे समजू. ऑगस्ट २०२३ च्या विवरणपत्राची नियत तारीख २० सप्टेंबर होती; ते १५ ऑक्टोबर २०२३ रोजी दाखल झाले. सप्टेंबरचे १० आणि ऑक्टोबरचे १५ मिळून विलंब २५ दिवसांचा होतो.

विक्रीवरील केंद्रीय कर ९०,००० रुपये आणि राज्य करही तेवढाच आहे. प्रत्येक शीर्षात ५३,५०० रुपयांचे क्रेडिट वापरल्यावर प्रत्येकी ३६,५०० रुपये रोखीने भरावे लागतात.

- व्याज : ३६,५०० रुपयांवर वर्षाचे व्याज ६,५७० रुपये, म्हणजे दिवसाला १८ रुपये. २५ दिवसांचे प्रत्येक शीर्षाखाली ४५० रुपये, एकूण ९०० रुपये.
- विलंब शुल्क : २५ रुपये × २५ दिवस = प्रत्येकी ६२५ रुपये, एकूण १,२५० रुपये. ही रक्कम २,००० रुपयांच्या मर्यादेत आहे.

एकूण अतिरिक्त भार २,१५० रुपयांचा होतो. क्रेडिट वजा न करता ९०,००० रुपयांवर व्याज काढले असते तर ते प्रत्येक शीर्षाखाली सुमारे १,११० रुपये, म्हणजे अडीच पटीपर्यंत गेले असते. काढलेले व्याज अपेक्षेपेक्षा बरेच जास्त वाटल्यास प्रथम हीच चूक तपासावी लागते.

हाच विलंब १०० दिवसांचा झाला असता तर चित्र पालटले असते. विलंब शुल्क ४० व्या दिवशी २,००० रुपयांवर थांबले असते, तर व्याज दररोज ३६ रुपयांनी वाढत ३,६०० रुपये झाले असते. याउलट, विवरणपत्र शून्य असते तर २५ दिवसांचे शुल्क ५०० रुपये, म्हणजे नेमके कमाल मर्यादेइतके झाले असते आणि व्याज लागले नसते.

## रोख खातेवहीतील आगाऊ रक्कम

रोख खातेवहीत पैसे जमा करणे म्हणजे कर भरणे नव्हे. विवरणपत्र दाखल करताना ती रक्कम खातेवहीतून वजा होते, तेव्हाच कर भरला असे मानले जाते. त्यामुळे नियत तारखेपूर्वी पैसे जमा करूनही विवरणपत्र उशिरा गेल्यास व्याजाची मागणी होत असे. जुलै २०२४ मध्ये नियम ८८ब मध्ये जोडलेल्या परंतुकानुसार, नियत तारखेला किंवा त्यापूर्वी खातेवहीत जमा असलेली आणि दाखल करण्याच्या दिवसापर्यंत तेथेच राहिलेली रक्कम, विवरणपत्र भरताना करापोटी वजा झाल्यास, व्याजाच्या गणनेतून वगळली जाते. मधल्या काळात ती अन्य देण्यासाठी वापरली गेल्यास तेवढ्यापुरता हा लाभ मिळत नाही. विलंब शुल्कावर या तरतुदीचा परिणाम होत नाही. ते विवरणपत्र दाखल होईपर्यंत, कमाल मर्यादेच्या अधीन राहून, वाढत राहते.