एकेक रेषा

आपल्या भूमितीच्या बाई फळ्यावर पायथागोरसच्या प्रमेयाची आकृती काढायच्या ते आठवतंय? आधी काटकोन त्रिकोण, मग एकेक चौरस, आणि प्रत्येक रेषेबरोबर ती का काढली तेही सांगायच्या. पुस्तकातली आकृती मात्र सगळ्या रेषांसकट एकदम अंगावर यायची.

ही अडचण युक्लिडइतकीच जुनी. १८४७ साली लंडनमध्ये ऑलिव्हर बर्न यांनी युक्लिडची पहिली सहा पुस्तकं रंगीत आकृत्यांनी छापली. कुठल्या बाजूबद्दल बोलणं चाललंय, हे रंगावरून कळू लागलं. आधी काय आणि नंतर काय, ते मात्र कागदावर दाखवता येईना. ते चलच्चित्राला जमलं. १९८८ मध्ये अमेरिकेत टॉम अपोस्टॉल यांनी जिम ब्लिन यांच्या संगणकीय अ‍ॅनिमेशनच्या मदतीने याच प्रमेयावर शाळांसाठी फिल्म केली. पुढे ग्रँट सँडरसन यांनी स्वतःच्या व्हिडिओंसाठी लिहिलेली ‘मॅनिम’ प्रणाली सर्वांना खुली झाली.

तीच वापरून मी नववीच्या एका वर्गासाठी युक्लिडची सिद्धता केली. त्रिकोण अबक, काटकोन अ पाशी. अब वर चौरस अबफग, कर्णावर चौरस बडइक. अ मधून बड ला समांतर रेषा काढली की कर्णावरच्या चौरसाचे दोन आयत होतात. मग फक आणि अड जोडायच्या. त्रिकोण फबक हा ब भोवती पाव वळसा फिरवला की नेमका अबड वर बसतो. फबक च्या दुप्पट लहान चौरस, अबड च्या दुप्पट डावीकडचा आयत. म्हणून दोन्ही समान. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

पोरं खूश, मीही खूश. एवढ्यात एकाने विचारलं, “मॅडम, यात काटकोन कुठे वापरला?”

मला चटकन सांगता येईना. खरं तर काटकोन एका रेषेत दडला होता. फबक च्या दुप्पट चौरस होतो, कारण दोघांचा पाया फब आणि क हा बिंदू गअ च्या रेषेवर येतो. ग, अ, क एका रेषेत येतात ते अ पाशी दोन काटकोन शेजारी बसल्यामुळे. माझ्या चित्रात चौरस काढताना ही रेषा आयतीच तयार झाली होती, त्यामुळे तिचं कारण कुणी विचारलंच नाही. फिरणाऱ्या त्रिकोणाचंही तेच: डोळ्यांना पटलं, म्हणून दोन बाजू आणि मधला कोन समान असल्याचं मी बोललेच नव्हते. बाईंचा खडू तिथे नक्की थांबला असता.

नव्या आवृत्तीत त्रिकोण फिरण्याआधी त्या बाजू आणि तो कोन रंगतात. गअक ही रेषा वेगळी, सावकाश उमटते, आणि तीन सेकंद बाकी काही हलत नाही. मग मी अ चा कोन ९० वरून ८० अंशांवर आणते.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, रेषा मोडली!”