कोतवालाचा नातू आणि गोटुलातली वही

"तुजा आजा कोतवाल होता काय?"

धानोरा तालुक्यातल्या एका गोंड गावात, गोटुलाच्या ओसरीवर, एका म्हाताऱ्याने मला हा प्रश्न विचारला तेव्हा माझी वही उघडी होती आणि पुढचा प्रश्न मीच विचारणार होतो. आजा खरंच कोतवाल होता. त्या गावचा नाही, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावचा. मी होकार दिला. म्हाताऱ्याने मान हलवली आणि विषय बदलून मोहाचं फूल यंदा कमी गळलं, असं काहीतरी सांगू लागला. मी तेही वहीत लिहून घेतलं. प्रश्न मात्र लिहिला नाही. संशोधन मी करतोय, मग त्याच्या प्रश्नाची नोंद कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

ही गोष्ट २०१२ च्या मार्च-एप्रिलमधली. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी गावचा जंगलवापराचा जुना इतिहास गोळा करायचा होता आणि त्यातूनच माझा प्रबंधही व्हायचा होता. वनहक्क कायद्याच्या नियमांत निस्तार पत्रकासारख्या कागदांसोबत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं कथनही पुरावा म्हणून चालतं. म्हणजे म्हाताऱ्यांच्या आठवणींना इथे कागदाइतकीच किंमत होती. मी बौद्ध कुटुंबातला, शाखेत आणि शिबिरांत वाढलेला. गावात शिरताना मी 'जय भीम' म्हणालो नाही, मुद्दाम 'जय सेवा' म्हणालो. आपण सगळे एकाच व्यवस्थेने तुडवलेले, मग मी इथे परका कसा? या एका समजुतीवर माझं सगळं काम उभं होतं.

आणि मी उतरलो कुठे? गावातल्या बौद्ध मोहल्ल्यात, लांबच्या नात्यातल्या घरी. तिथे जेवण ओळखीचं, भाषा ओळखीची, भिंतीवर बाबासाहेब. त्या घरचा मुलगा गोंडी उत्तम बोलायचा, म्हणून दुभाषाही तोच. सोयीचं होतं. या सोयीने काय केलं ते कळायला मला चार वर्षं लागली.

महिनाभराने वही पाहिली तर बऱ्याच पानांवर एकच वाक्य होतं: 'जुनं फारसं आठवत नाही.' जंगलाची हद्द कुठवर होती, बांबू कोण तोडायचं, वनखात्याच्या नाकेदाराला काय द्यावं लागायचं, सगळ्याला तेच उत्तर. जी उत्तरं मिळाली ती चकचकीत मराठीत, 'जंगल आमची माय आहे' छापाची, सभेत बोलतात तशी. एकाचं दुसऱ्याशी कुठे खटकत नव्हतं. नऊ म्हातारे एकाच वाटेची आठवण सांगताना एकदाही भांडले नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती. आमच्या गावात दोन म्हाताऱ्यांना विहीर कधी खोदली ते विचारा, संध्याकाळपर्यंत वाद मिटत नाही. बायकांची कथनं तर जवळपास नव्हतीच. मी सकाळी जायचो, आणि त्या दिवसांत बाया पहाटेच मोहफुलं वेचायला निघालेल्या असत. 'स्त्रिया बोलायला संकोचतात' असं मी प्रबंधात लिहिलं. त्या संकोचत नव्हत्या, घरी नव्हत्या.

कोतवाल या शब्दाकडे परत येतो. मध्य प्रांतात गावचा कोतवाल बहुधा आपल्यातलाच असे. जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यावर नेणं, साहेब आला की गावात हाक देणं, बिगारीसाठी माणसं गोळा करणं, गुन्ह्याची खबर पोचवणं ही त्याची कामं. बदल्यात गावाकडून थोडं धान्य. आपण हा इतिहास एका बाजूने पाठ केला आहे, आणि ती बाजू खरीच आहे. मुंबई इलाख्यातल्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणलं, कारण या चाकरीने माणूस सगळ्या सरकारी खात्यांचा वेठबिगार होतो हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. माझ्या आज्याचीही ती वेठच होती. पण जंगलातल्या गोंडाच्या दारातून तोच माणूस कसा दिसत असेल? साहेब घोड्यावर लांब असतो. दारात येऊन 'उद्या रस्त्याच्या कामावर चला' म्हणणारा कोतवाल असतो. आमच्या घरात ज्या चाकरीची आठवण अपमान म्हणून राहिली, तीच त्या ओसरीवर सरकारची हाक म्हणून राहिली होती. दोन्ही आठवणी खऱ्या. मी एकच घेऊन गेलो होतो.

त्यात वर्तमानाची भर पडली. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा रहिवास आणि वहिवाट दाखवावी लागते. त्याच गावातल्या बौद्ध कुटुंबाला मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे असल्याचा पुरावा द्यावा लागतो. शेजारी शेजारी धुरे, पण पुराव्याचं ओझं वेगळं. मग बौद्ध मोहल्ल्यात उतरलेला, त्यांच्याच मुलाला सोबत घेऊन फिरणारा, 'या बांधावर १९३० साली कोण होतं?' असं विचारणारा माणूस गोंड टोलीला कोण वाटणार? आपल्या माणसांच्या दाव्यासाठी आमच्या तोंडून पुरावा काढायला आलेला. ही कुजबूज मी निघण्याआधीच गावभर होती. दुभाषाला ती माहीत होती. त्याने मला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर त्याच्याच घरावर आलं असतं.

आपल्या आधीचे संशोधक काही कोऱ्या पाटीचे नव्हते. गोंडांवर ज्यांच्या ग्रंथांशिवाय आजही लिहिता येत नाही ते ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ घ्या. व्हिएन्नाचा हा माणूस, दुसऱ्या महायुद्धात जर्मन पासपोर्टमुळे ब्रिटिशांच्या लेखी शत्रुदेशीय ठरला आणि त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहावं लागलं. १९४० मध्ये जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. गोंड का उठले हे निजाम सरकारला जाणून घ्यायचं होतं, आणि हायमेनडॉर्फ आदिलाबादच्या डोंगरांत गेले. आपला राजुरा तालुका तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. मार्लवाईसारख्या गावात ते राहिले, गोंडी शिकले, पुढे सरकारचे सल्लागार झाले. त्यांच्या अहवालांनंतर अनेक गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले, गोंडी शाळा निघाल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या सरकारच्या पोलिसांनी भीमला मारलं, त्याच सरकारच्या परवानगीने बसलेल्या साहेबापुढे माणूस काय बोलेल? मला वाटतं, तो जमिनीची तक्रार बोलेल, कारण ती बोलून फायदा आहे. भीमसोबत कोण होतं, रात्री भाकर कोणी पोचवली, हे सांगणार नाही. हायमेनडॉर्फच्या ग्रंथांत देवदेवता, सण, कुळं, जमिनीचे तंटे भरभरून आहेत. ते वाचताना मी आता विचारतो, हे त्यांना कोणत्या दारातून कळलं? हाच प्रश्न मी स्वतःच्या प्रबंधाला घातला नव्हता.

हा प्रश्न काही परदेशी विद्यापीठांनी आपल्याला शिकवलेला नाही. मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या जातिविषयक निबंधात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी युरोपियन अभ्यासकांवर नेमकं हेच बोट ठेवलं होतं: त्यांच्या स्वतःच्या मनात वर्णाचा पूर्वग्रह होता, म्हणून त्यांना जातीच्या मुळाशीही वर्णच दिसला. पाहणारा कुठे उभा आहे यावर त्याला काय दिसतं ते ठरतं, हे आपल्या बापाने सांगितलं आहे. आणि मग तोच दिवा त्यांच्यावरही धरावा लागतो. मे १९४५ मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात प्रतिनिधित्वाची योजना मांडताना त्यांनी आदिम जमातींना तिच्यातून बाहेर ठेवलं. राजकीय हक्क वापरण्याची जाण त्यांच्यात अजून आलेली नाही, ते कोणाच्याही हातचं साधन होतील, असं कारण दिलं. भीमला जाऊन तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. त्या भाषणाचा हेतू अल्पसंख्याकांचा तोल सांभाळण्याचा होता, हे मी मान्य करतो. पण गोंड गावातून ते भाषण वाचणाऱ्या तरुणाला ते टोचतं, आणि त्याला 'संदर्भ समजून घे' एवढंच सांगून सुटता येत नाही. मला एका गोंड विद्यार्थ्याने हे तोंडावर ऐकवलं तेव्हा मी आधी चिडलोच होतो.

२०१६ मध्ये मी वही घेऊन त्या गावात परत गेलो. कल्पना माझी नव्हती. त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाने ही वहिवाट कधीचीच घातली आहे. तिथे बाहेरचा अभ्यासक आला तर आधी ग्रामसभेला विचारतो. अभ्यासगटात गाव आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, प्रश्न दोन्हीकडून येतात, निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. मी यावेळी शाळेच्या खोलीत उतरलो, दोन्ही टोल्यांत आळीपाळीने जेवलो आणि मोहाचा हंगाम संपल्यावर, संध्याकाळी, गोटुलात माझ्याच नोंदी वाचून दाखवल्या. गोंडीत सांगायला गोंड टोलीतली एक अंगणवाडीताई होती. 'जुनं फारसं आठवत नाही' हे वाक्य तिने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बायका हसायला लागल्या. तोच म्हातारा उठून म्हणाला, "आमाले सप्पा आठवत होता बाबू. तुमाले सांगाचा नोहता."

मग रात्री उशिरापर्यंत भांडण झालं, आणि ते ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. हद्दीचा नाला कोणता यावर दोन तट पडले. एका बाईने नाकेदाराला द्याव्या लागणाऱ्या कोंबड्यांचा हिशेब नावानिशी सांगितला. बौद्ध मोहल्ल्यातल्या तीन घरांचे आजे कधी आले, तेही गोंड म्हाताऱ्यांनीच सांगितलं: तलावाची पाळ बांधली त्याच्या आधी. त्या घरांच्या दाव्याला जो पुरावा हवा होता तो याच लोकांच्या तोंडात होता. मी तो आमच्या मोहल्ल्यात बसून शोधत राहिलो होतो. तीनपैकी दोन घरांनी ते कथन दाव्याला जोडलं. तिसऱ्या घराचं म्हणणं, आमच्या आज्याचं नाव चुकीचं सांगितलं. तो वाद अजून आहे.

माझ्या नोंदींतली सात पानं ग्रामसभेने ठेवून घेतली. देवाच्या जागांची होती. त्यांची प्रत माझ्याकडे नाही, प्रबंधातलं ते प्रकरण मी काढलं आणि मार्गदर्शकांनी त्याबद्दल नाराजी दाखवली. आता नोंद सुरू करताना तारखेखाली एक ओळ लिहितो: आज कोणाच्या घरी उतरलो, दुभाषा कोणाचा कोण, आणि मला काय विचारलं गेलं. त्या म्हाताऱ्याचा प्रश्न मी चार वर्षं उशिरा, पहिल्या पानावर, लिहून ठेवला. वही गोटुलात आहे.