त्रेपन्न मिनिटे

७ डिसेंबर १९४१, रविवार. हवाई बेटांपैकी ओआहूच्या उत्तर टोकावर ओपाना येथे एका लॉरीवर बसवलेले रडार आहे. जोसेफ लॉकर्ड आणि जॉर्ज एलियट हे दोन शिपाई पहाटे ४ पासून पाळीवर आहेत.

सकाळी ७.०० – पाळी संपली. न्याहारीला न्यायला येणारा ट्रक मात्र आलेला नाही. एलियट शिकाऊ, त्याचा हात बसावा म्हणून रडार चालूच ठेवले.

७.०२ – पडद्यावर एवढी मोठी रेघ उमटली, की लॉकर्डला यंत्रच बिघडल्यासारखे वाटले. तपासले, यंत्र ठीक होते. अंतर १३२ मैल. म्हणजे कोल्हापूरहून सरळ रेषेत जवळपास पुणे गाठेल इतके. एलियट कळवण्यासाठी मागेच लागला.

७.२०च्या सुमारास – फोर्ट शाफ्टरच्या माहिती केंद्रात नकाशाच्या टेबलाभोवतीची माणसे ७ वाजताच उठून गेली होती. उरले होते एक टेलिफोन ऑपरेटर आणि लेफ्टनंट कर्मिट टायलर. ही त्याची अशी दुसरीच पाळी. कॅलिफोर्नियाहून आपली बी-१७ विमाने येणार, असा त्याचा अंदाज होता आणि ती खरोखरच येत होती. लॉकर्डने फोनवर कळवल्यावर ‘काळजी करू नका’ म्हणून त्याने फोन ठेवला. लॉकर्डने विमानांचा आकडा सांगितला नाही, टायलरने विचारला नाही.

टायलरवर खापर फोडणे सोपे आहे. पण ही विमाने आपली की शत्रूची, हे सांगू शकेल असा नौदलाचा किंवा बॉम्बर दलाचा अधिकारी त्या खोलीत नव्हताच. ब्रिटनमध्ये वर्षभरापूर्वीच किनाऱ्यावरच्या रडारांची माहिती आधी एका खोलीत पडताळली जाई, तिथून ती नियंत्रकाकडे आणि त्याच्याकडून लढाऊ विमानांकडे जाई. ओआहूवर रडार होते, साखळी अर्धवट होती.

७.३९ – विमाने २० मैलांवर आली आणि डोंगरांच्या प्रतिध्वनीत ती रेघ हरवली. थोड्या वेळाने ट्रकही आला.

७.५५ – पर्ल हार्बरवर पहिले बॉम्ब पडले. पहिल्या लाटेत १८३ जपानी विमाने होती. दिवसअखेर २,४०३ अमेरिकन ठार झाले होते.

टायलरने धोक्याची घंटा वाजवली असती तर? तोफखान्याला आणि जहाजांना थोडी उसंत मिळाली असती. पण लढाऊ विमाने घातपाताच्या भीतीने पंखाला पंख लावून उभी केली होती, आणि त्यांना उड्डाणासाठी चार तासांची मुदत दिलेली होती. रेघ दिसल्यापासूनचा पुरता त्रेपन्न मिनिटांचा इशारासुद्धा अशा तयारीपुढे तोकडाच पडला असता.

हल्ल्यानंतर ओआहूवरची रडारे चोवीस तास चालू लागली. चार महिन्यांनी, ९ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमाने सिलोनमधल्या त्रिंकोमालीवर आली. तिथे रडारने त्यांना वेळेत पकडले, आणि बॉम्ब पडण्यापूर्वी ब्रिटिश हरिकेन विमाने आकाशात होती.