पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक इंजेक्शन: प्रयोग कोणी थांबवला?

मागच्या काही व्याख्यानांत आपण विज्ञानातला 'पुरावा' म्हणजे काय, याचा विचार करतो आहोत. आज त्यासाठी एक प्रत्यक्ष घडलेला इतिहास घेऊ. विषय आहे पुरुषांसाठीच्या हार्मोनयुक्त गर्भनिरोधकाचा. स्त्रियांच्या गोळीला अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली. त्याला साठ वर्षं उलटून गेली, तरी पुरुषांसाठी असं एकही औषध बाजारात नाही. असं का, असं विचारलं की एक तयार उत्तर मिळतं: "पुरुषांना थोडासाही त्रास सहन होत नाही, म्हणून." २०१६ साली एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक वर्तमानपत्रांनी हेच छापलं. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण त्या प्रयोगात तसं घडलं नव्हतं. काय घडलं ते आपण नीट पाहू.

आधी शरीराची व्यवस्था समजून घेऊ. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्याकडून वृषणांना दोन हार्मोनांच्या रूपाने निरोप जातात. त्या निरोपांमुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होतं आणि शुक्रजंतूही तयार होतात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरेसं आहे असं मेंदूला दिसलं, की तो निरोप कमी करतो. आता बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं तर काय होईल? मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, आणि निरोप जवळजवळ बंद होतात. मात्र शुक्रजंतू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागतं. ते बाहेरच्या इंजेक्शनाने भरून निघत नाही. म्हणजे रक्तात हार्मोन असतं, त्यामुळे दाढी, स्नायू, कामेच्छा टिकतात. आणि वृषणातलं शुक्रजंतूंचं काम मात्र थांबतं. तत्त्व इतकं साधं आहे.

अडचण आहे ती काळाची आणि संख्येची. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण सत्तर-बहात्तर दिवस लागतात. त्यामुळे आज औषध सुरू केलं तर परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो, आणि बंद केलं तरी परत यायला महिने जातात. शिवाय स्त्रीच्या बाबतीत महिन्याकाठी बहुधा एक बीज अडवायचं असतं. इथे एका मिलिलीटर वीर्यात दीड कोटी किंवा त्याहून जास्त शुक्रजंतू असतात. ते शून्यावर, निदान दहा लाखांच्या खाली आणावे लागतात. आणि ते खाली आले की नाहीत, हे पुरुषाला स्वतःला मुळीच कळत नाही. वीर्य तपासूनच ते समजतं.

हे जमतं का, याचं पहिलं भक्कम उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगाने १९९० साली दिलं. २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट टोचलं गेलं. सहा महिन्यांत त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या वीर्यातले शुक्रजंतू पूर्ण नाहीसे झाले. त्यांच्या जोडप्यांनी मग वर्षभर दुसरं कोणतंही साधन वापरलं नाही, आणि एकच गर्भधारणा झाली. १९९६ च्या दुसऱ्या प्रयोगात, ज्यांचे शुक्रजंतू शून्यावर न येता फक्त फार कमी झाले होते, त्यांनाही सामील केलं. त्यांच्यात गर्भधारणा जास्त झाल्या. यावरून कळलं की जितके कमी तितकं सुरक्षित. पुढे चीनमध्ये हजाराहून अधिक पुरुषांना महिन्यातून एकदा टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं गेलं. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले, तेही चांगले होते. मात्र प्रत्येक प्रयोगात काही पुरुष असे निघाले, की औषधाने त्यांचे शुक्रजंतू पुरेसे खाली आलेच नाहीत. पूर्व आशियातल्या पुरुषांत औषध जास्त हमखास चालतं आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत थोडं कमी, असंही दिसलं.

आठवड्याला एक इंजेक्शन कोण घेणार? म्हणून टेस्टोस्टेरॉनच्या जोडीला प्रोजेस्टिन द्यायची कल्पना पुढे आली. स्त्रियांच्या गोळीतलं हेच द्रव्य पिट्युटरीचे निरोप आणखी जोरात दाबतं. मग टेस्टोस्टेरॉन फक्त रक्तातली कमतरता भरून काढण्यापुरतं लागतं.

आता मुख्य प्रयोगाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि कॉनराड ही अमेरिकन संस्था यांनी २००८ साली तो सुरू केला. दहा केंद्रांत ३२० पुरुष होते. दर आठ आठवड्यांनी दोन इंजेक्शनं: एक प्रोजेस्टिनचं, २०० मिलिग्रॅम, आणि एक दीर्घकाळ टिकणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचं, १००० मिलिग्रॅम. पहिल्या टप्प्यात जोडप्याने दुसरं साधन वापरायचं. शुक्रजंतू दहा लाखांखाली आले, की दुसरा टप्पा: ५६ आठवडे फक्त या इंजेक्शनांवर भिस्त ठेवायची.

निकाल असे आले. १०० पैकी सुमारे ९६ पुरुषांत शुक्रजंतू पुरेसे खाली गेले. त्यांच्यापैकी २६६ जण दुसऱ्या टप्प्यात आले, आणि त्यांच्या जोडीदारांपैकी चौघींना गर्भ राहिला. हिशोबाने हे प्रमाण शंभरास दीड इतकं पडतं. रोजच्या व्यवहारात ज्या प्रकारे निरोध वापरला जातो, त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पण एक गोष्ट विसरू नका: ज्यांच्यात औषध चाललंच नाही, ते या हिशोबातून आधीच बाहेर गेले होते. औषध बंद केल्यावर वर्षभरात १०० पैकी सुमारे ९५ जणांचे शुक्रजंतू पूर्ववत झाले. म्हणजे काही जणांना वर्षाहून जास्त वाट पाहावी लागली.

मग तक्रारी. पुरळ, इंजेक्शनच्या जागी दुखणं, कामेच्छा वाढणं, मनःस्थितीत चढउतार. एकूण जवळजवळ दीड हजार तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांतल्या ३९ टक्के तक्रारींचा औषधाशी संबंध नाही असं संशोधकांनी ठरवलं. एका सहभागी पुरुषाने आत्महत्या केली. तीही औषधामुळे नाही, असं त्यांचं मत पडलं. मनःस्थितीच्या बऱ्याचशा तक्रारी एकाच केंद्रातून आल्या होत्या.

प्रयोगावर नजर ठेवणाऱ्या दोन समित्या होत्या. सुरक्षेच्या माहितीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने हीच माहिती पाहून प्रयोग चालू ठेवायला हरकत नाही असं म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वेगळ्या परीक्षण समितीने मार्च २०११ मध्ये धोका फायद्यापेक्षा जास्त आहे असं म्हणून इंजेक्शनं थांबवायला सांगितलं. आणि पुरुषांचं काय? त्रासामुळे स्वतःहून बाहेर पडलेले फक्त २० होते. ही पद्धत मिळाली तर वापरू, असं सांगणारे पुरुष आणि त्यांच्या जोडीदार तीन चतुर्थांशांहून जास्त होते. म्हणजे प्रयोग समितीने थांबवला. 'पुरुषांनी पाय काढता घेतला' हा निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही.

एकाच माहितीवरून दोन समित्यांची दोन मतं कशी झाली? इथे आपल्याला जरा थांबायला हवं. एखादी तक्रार औषधामुळेच झाली, असं म्हणायला एक तुलनेचा गट हवा. त्याला दिसायला तसंच, पण आत काही नसलेलं इंजेक्शन द्यायचं. चारपाचशे तरुणांकडे वर्षभर पाहत राहिलं, तर औषध न देताही काहींना पुरळ येईल, काही उदास होतील. तो पायाचा आकडा माहीत नसेल, तर औषधाचा वाटा किती हे कळणार कसं? या प्रयोगात असा गट नव्हता, आणि ठेवताही आला नसता. ज्या जोडप्याला मूल नको आहे त्याला 'हे गर्भनिरोधक आहे' असं सांगून रिकामं इंजेक्शन देणं म्हणजे त्या स्त्रीला फसवून गरोदर करणं होय. ज्या प्रयोगात गर्भ राहतो का हेच मोजायचं असतं, त्यात नैतिकतेमुळे पुराव्याचं एक महत्त्वाचं साधन हातातून जातं.

हे अंतर किती महत्त्वाचं आहे, ते दुसऱ्या एका प्रयोगातून दिसतं. शेरिंग आणि ऑर्गनॉन या औषध कंपन्यांनी मिळून ३५४ पुरुषांवर तो केला, आणि २००८ साली तो प्रसिद्ध झाला. दंडात बसवायची प्रोजेस्टिनची कांडी आणि टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, असा तो जोड होता. त्यात फक्त शुक्रजंतू मोजायचे होते, जोडप्यांनी औषधावर अवलंबून राहायचं नव्हतं. त्यामुळे रिकाम्या औषधाचा गट ठेवता आला. काही ना काही तक्रार करणारे पुरुष औषधाच्या गटात ९३ टक्के होते. आणि रिकाम्या औषधाच्या गटात? ८१ टक्के! तरीही पुरळ, मनःस्थिती आणि कामेच्छेतले बदल औषधाच्या गटात अधिक होते, हेही खरं. म्हणजे औषधाचा दोष आहे, पण एकूण तक्रारींच्या ढिगावरून तो मोजता येत नाही. दोन्ही कंपन्यांची मालकी पुढे बदलली आणि त्यांनी हे काम सोडलं. आजही या क्षेत्राचा भार मुख्यतः सरकारी निधीवर आणि ना-नफा संस्थांवर आहे.

दुसरी अडचण तोलाची. स्त्री जेव्हा गोळी घेते, तेव्हा गोळीचा धोका तिच्याच गर्भारपणाच्या आणि बाळंतपणाच्या धोक्याशी तोलला जातो. निरोगी पुरुषाच्या पारड्यात समोर काय ठेवायचं? त्याच्या शरीराला गर्भधारणेपासून काहीच इजा नाही. मग थोडासा धोकाही जास्त ठरतो. १९५६ साली पोर्तो रिकोमध्ये गोळीचे प्रयोग झाले, तेव्हा डॉ. एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के स्त्रियांना त्रास झाल्याचं कळवलं आणि हे औषध सर्वांना देण्याजोगं नाही असं लिहिलं. ग्रेगरी पिंकस यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, आणि गोळी बाजारात आली. आजचे नियम त्या काळापेक्षा कडक आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तराजूत फक्त एकाचंच शरीर ठेवायचं, हा नियम कुठून आला? दोघांनी मिळून टाळायची गोष्ट असेल, तर जोडप्याचा एकत्रित धोका का तोलू नये? तिची गोळी, तिचं ऑपरेशन, तिची नको असलेली गर्भधारणा, हे सगळं त्या पारड्यात यायला हवं. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी केलेली आढळली, पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. भार कोणाच्या शरीरावर आहे, ते इथे दिसतंच.

सध्या आशा आहे ती एका जेलवर. नेस्टोरोन हे प्रोजेस्टिन आणि टेस्टोस्टेरॉन यांचं ते मिश्रण आहे. रोज दोन्ही खांद्यांवर चोळायचं. २०२४ साली जाहीर झालेल्या निकालात २२२ पुरुषांपैकी ८६ टक्के पंधरा आठवड्यांत दहा लाखांच्या खाली आले. निम्म्यांना तर आठ आठवडेही लागले नाहीत. कातडीला कातडी लागून हार्मोन जोडीदाराकडे जाऊ नये, याची काळजी मात्र घ्यावी लागते.

या जेलचा अहवाल उद्या हातात पडेल, तेव्हा आपण तीन गोष्टी विचारायच्या. ज्यांच्यात औषध चाललं नाही त्यांना कुठे मोजलं? तक्रारींची तुलना कशाशी केली? आणि धोका कोणाच्या शरीराशी तोलला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शास्त्रज्ञ देतील. तिसऱ्याचं उत्तर एकट्या शास्त्रज्ञांनी द्यायचं नाही, ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं आहे.

आता आपले प्रश्न घेऊ.