वाचनाची विनंती आणि कृतीची विनंती : वेबच्या 'सुरक्षित पद्धती' या संकल्पनेचा इतिहास (१९९१ ते २०२२)

प्रस्तावना

ग्रंथालयात जाऊन एखादे पुस्तक मागणे आणि त्या पुस्तकाची नोंद रजिस्टरमधून खोडण्यास सांगणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या गोष्टीने रजिस्टरमध्ये काही बदलत नाही. दुसरीने बदलते, आणि बदल झाल्यावर त्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. वेबच्या संभाषणाचे नियम म्हणजे एचटीटीपी. त्यातही आरंभापासून हाच भेद मानला गेला आहे. माहिती मागण्याच्या पद्धतीस GET म्हणतात आणि सर्व्हरने काही कृती करावी यासाठी माहिती पाठविण्याच्या पद्धतीस POST म्हणतात. ज्या पद्धतीने विनंती केली असता विनंती करणारा कोणताही बदल मागत नाही, तिला 'सुरक्षित पद्धत' अशी संज्ञा आहे. हा भेद अनेक वर्षे कागदावर राहिला आणि मे २००५ मध्ये त्याची किंमत सामान्य वापरकर्त्यांना मोजावी लागली. प्रस्तुत निबंधात या संकल्पनेची जडणघडण, २००५ ची घटना आणि तिचे परिणाम यांचा परामर्श घेतला आहे.

नियमाची जडणघडण

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी योजलेल्या मूळ एचटीटीपीत GET ही एकच पद्धत होती. दस्तऐवज मागावा आणि तो मिळावा, एवढाच व्यवहार तेव्हा अभिप्रेत होता. पुढे फॉर्म भरून माहिती पाठविण्याची सोय आली आणि POST ची गरज निर्माण झाली. नोव्हेंबर १९९५ मधील एचटीएमएल २.० च्या विनिर्देशात यासंबंधी मार्गदर्शन आढळते. फॉर्म भरल्याने जगात काही बदल घडत नसेल तर GET वापरावी आणि बदल घडत असेल तर POST, असा त्याचा आशय होता.

मे १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये, म्हणजे एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात, 'सुरक्षित पद्धती' हा विषय सुरक्षाविषयक प्रकरणात आला. ही जागा अर्थपूर्ण आहे. ब्राउझर हा वापरकर्त्याचा प्रतिनिधी असतो आणि प्रतिनिधीने मालकाच्या नकळत कोणतेही बंधन स्वीकारू नये, ही त्यामागची भूमिका होती. जून १९९९ च्या आरएफसी २६१६ ने तीच भूमिका विस्ताराने मांडली. GET विनंतीमुळे सर्व्हरवर काही दुष्परिणाम झालेच, तरी वापरकर्त्याने ते मागितलेले नव्हते. म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे तेथे स्पष्ट केले होते. मात्र GET चा वापर अन्य कृतीसाठी 'करू नये' हे सांगताना सक्तीचा नव्हे, शिफारशीचा शब्द योजला होता. मार्च २००४ मध्ये डब्ल्यू३सीच्या तांत्रिक वास्तुरचना गटानेही GET आणि POST केव्हा वापरावे यावर स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले.

नियम इतका जुना असूनही तो मोडला जाण्याचे कारण साधे होते. पानावरील साधा दुवा नेहमी GET विनंतीच करतो. POST साठी फॉर्म आणि बटण लागते. यादीतील प्रत्येक ओळीपुढे करडे बटण मांडण्यापेक्षा 'रद्द करा' हा सुटसुटीत दुवा देणे रचनाकारांना सोयीचे वाटे, आणि तो चालतही असे.

मे २००५ ची घटना

मे २००५ च्या पहिल्या आठवड्यात गूगलने 'वेब ॲक्सिलरेटर' हे विंडोजवर चालणारे साधन विनामूल्य उपलब्ध केले. वापरकर्ता एक पान वाचत असताना त्यावरील दुव्यांची पाने आधीच मागवून ठेवावीत, म्हणजे पुढील क्लिकला पान तत्काळ उघडेल, हा त्याचा एक उपाय होता. यास पूर्वआहरण म्हणता येईल. मागविलेले पान वाचले न गेल्यास थोडी बँडविड्थ वाया जाईल, याहून अधिक हानी संभवत नाही, असे त्यात गृहीत होते. आरएफसी २६१६ पाहता हे गृहीतक योग्यच होते.

त्याच सुमारास थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकन संस्थेने 'बॅकपॅक' ही टिपणे व पाने ठेवण्याची सेवा सुरू केली होती. तिची उभारणी डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांच्या 'रुबी ऑन रेल्स' या चौकटीवर झाली होती. या सेवेत काही नोंदी काढून टाकण्याची क्रिया साध्या दुव्यांवर ठेवलेली होती. ॲक्सिलरेटरने ते दुवे इतर दुव्यांप्रमाणेच मागविले आणि वापरकर्त्यांच्या नोंदी त्यांच्या नकळत नाहीशा होऊ लागल्या.

या घटनेचे मर्म लॉगिनच्या संदर्भात आहे. शोधयंत्रांचे क्रॉलर १९९० च्या दशकापासून दुवे अनुसरत फिरत होतेच. परंतु क्रॉलरकडे कोणाचा पासवर्ड नसतो. लॉगिनच्या आतील दुवे त्याला दिसत नाहीत. त्यामुळे 'लॉगिनच्या आड GET ने काहीही केले तरी चालते' असा समज रूढ झाला होता. ॲक्सिलरेटर मात्र वापरकर्त्याच्याच संगणकावर, त्याच्याच कुकीसह काम करीत असे. सर्व्हरच्या दृष्टीने ती विनंती खऱ्या, लॉगिन केलेल्या माणसाचीच होती. दुसरा भरवसा जावास्क्रिप्टच्या 'खात्री आहे का?' या प्रश्नावर होता. तोही निरर्थक ठरला, कारण तो प्रश्न क्लिक केल्यावर विचारला जातो आणि ॲक्सिलरेटर क्लिक करीतच नव्हता. तो फक्त पत्ता वाचून विनंती पाठवीत होता.

एक कल्पित उदाहरण

दोष कसा घडतो आणि कसा ओळखावा, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथील एखाद्या ग्रंथालयाने पुस्तकांच्या नोंदींसाठी संकेतस्थळ तयार केले. ग्रंथपाल लॉगिन करून यादी उघडतात. प्रत्येक ओळीत पुढील दुवा आहे :

```
<a href="/books/delete?id=101"
   onclick="return confirm('नोंद रद्द करायची?')">रद्द करा</a>
```

ग्रंथपालांच्या संगणकावर पूर्वआहरण करणारे साधन आहे. ते यादी उघडतात, वाचतात, काहीही दाबत नाहीत. आणि थोड्या वेळाने पान पुन्हा उघडले असता यादी रिकामी दिसते. सर्व्हरच्या लॉगमध्ये पुढील ओळी सापडतात :

```
11:42:07 GET /books/delete?id=101 302
11:42:07 GET /books/delete?id=102 302
11:42:08 GET /books/delete?id=103 302
```

या ओळींवरून निदान करता येते. एकाच सेकंदात दोन नोंदी रद्द करणे आणि मध्ये प्रश्नाला 'होय' म्हणणे माणसाला शक्य नाही. क्रमांकही पानावरील क्रमानेच आले आहेत. लॉगमध्ये विनंतीचे शीर्षभाग नोंदविण्याची व्यवस्था असेल तर आणखी पुरावा मिळतो. त्या काळी अशा विनंतीसोबत `X-moz: prefetch` हा शीर्षभाग येत असे. आज क्रोमसारखे ब्राउझर `Sec-Purpose: prefetch` पाठवितात. मात्र असे शीर्षभाग पाहून विनंती नाकारणे हा अपुरा उपाय आहे, कारण ते पाठविण्याचे बंधन प्रत्येक साधनावर नाही.

याच ग्रंथालयात `/books/renew?id=101` हा दुवा पुस्तकाची मुदत १५ दिवसांनी वाढवितो, असे मानू. सर्व्हरने मुदत वाढविली, पण उत्तर पोहोचण्यापूर्वी जोडणी तुटली. अशा वेळी ब्राउझर GET विनंती आपणहून पुन्हा पाठवू शकतो. नियमांनी त्याला तशी मुभा दिली आहे, कारण GET कितीही वेळा केली तरी अपेक्षित परिणाम एकच असतो. येथे मात्र मुदत ३० दिवसांनी वाढते. ही पुनरावृत्ती पहिल्या दोषाहून अधिक फसवी आहे. काही नाहीसे होत नाही. केवळ आकडा चुकतो, आणि तो क्वचितच चुकत असल्याने संशय माणसावर येतो.

दुरुस्ती व तिच्या मर्यादा

दुरुस्तीची दोन अंगे आहेत. पहिले अंग पानाचे :

```
<form method="post" action="/books/delete">
  <input type="hidden" name="id" value="101">
  <button>रद्द करा</button>
</form>
```

दुसरे अंग सर्व्हरचे असून तेच निर्णायक आहे. `/books/delete` वर GET विनंती आल्यास सर्व्हरने काहीही न करता 405 हे उत्तर दिले पाहिजे. केवळ पान बदलल्याने जुना दुवा मरत नाही. तो ब्राउझरच्या इतिहासात, साठविलेल्या खुणांत किंवा एखाद्या ई-मेलमध्ये शिल्लक असतो.

POST म्हणजे सर्व दोषांवर उतारा, असेही नाही. दुसऱ्या संकेतस्थळावरून वापरकर्त्याच्या नावाने फसवा फॉर्म पाठविता येतो. त्यासाठी फॉर्ममध्ये गुप्त खूण ठेवून ती तपासावी लागते. वापरकर्ता घाईने बटण दोनदा दाबू शकतो. म्हणून मुदतवाढीसारख्या क्रियेत '१५ दिवस वाढवा' असे न सांगता 'अमुक तारखेपर्यंत वाढवा' असे सांगणे हितावह ठरते. तीच तारीख दोनदा लिहिली तरी परिणाम बदलत नाही. सुरक्षितता आणि पुनरावृत्तीक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही यातून दिसते. DELETE ही पद्धत दोनदा केली तरी अपेक्षित परिणाम एकच असतो, परंतु ती सुरक्षित खचितच नाही.

घटनेचा परिणाम

रेल्सच्या पुढील आवृत्त्यांत, चौकट आपोआप तयार करून देत असलेल्या नमुना-प्रणालीत बदल झाला. नोंद निर्माण करणे, बदलणे व काढून टाकणे या क्रिया केवळ POST नेच स्वीकाराव्यात, अशी ओळ तीत आली आणि तिच्या वर GET सुरक्षित असावी हे सांगणारी, डब्ल्यू३सीच्या निवेदनाकडे निर्देश करणारी टीप जोडली गेली. वेब ॲक्सिलरेटर २००८ मध्ये बंद झाला. पूर्वआहरण मात्र पुढे ब्राउझरांतच सामावले गेले.

नियमाची भाषाही कठोर झाली. जून २०१४ च्या आरएफसी ७२३१ मध्ये `page?do=delete` या धर्तीच्या पत्त्याचेच उदाहरण घेऊन, सुरक्षित पद्धतीने विनंती आल्यास तशी कृती सर्व्हरच्या मालकाने रोखलीच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. जून २०२२ च्या आरएफसी ९११० ने ते कायम ठेवले. ई-मेलच्या क्षेत्रातही हाच धडा घ्यावा लागला. संदेशातील दुवे तपासणाऱ्या यंत्रणा दुवा उघडून पाहतात आणि वाचकाचे सदस्यत्व त्याच्या नकळत रद्द होऊ शकते. म्हणून जानेवारी २०१७ च्या आरएफसी ८०५८ ने एका क्लिकने सदस्यत्व रद्द करण्याची क्रिया POST वर आधारली.

निष्कर्ष

२००५ च्या घटनेत ॲक्सिलरेटरने नियम मोडला नव्हता. नियमावर विसंबूनच तो चालला होता. क्रॉलर, पूर्वआहरण, तुटलेल्या जोडणीनंतरची पुनर्विनंती आणि ई-मेलची तपासणी ही चारही साधने एकाच विश्वासावर उभी आहेत : नुसते मागितल्याने काही बिघडत नाही. माणसाने क्लिक केले की यंत्राने पत्ता वाचला, हे सर्व्हरला खात्रीने कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे कृतीमागचा हेतू विनंतीच्या पद्धतीतच व्यक्त व्हावा लागतो. तो तेथे व्यक्त झाला नाही, तर लॉगिन वा खात्रीचा प्रश्न यांनी ती उणीव भरून निघत नाही, हे या इतिहासावरून सिद्ध होते.